त्रेचाळीस मायक्रोसेकंदांचा हिशेब

इलेक्ट्रिक स्कूटरच्या सीटखाली किंवा पायाखालच्या पत्र्याआड ॲल्युमिनियमचा एक डबा असतो. त्याला कंट्रोलर म्हणतात. बॅटरीचा प्रवाह मोटरला हवा तसा तोडून, वळवून द्यायचं काम त्यातले मॉस्फेट नावाचे नखाएवढे भाग करतात आणि ते करता करता तापतात. एप्रिलच्या दुपारी मागे माणूस बसवून कात्रजचा घाट चढताना हे मॉस्फेट किती तापतील, हे गाडी बनवणाऱ्याला आधीच कळायला हवं असतं. त्यांची मर्यादा साधारण १५० ते १७५ अंश सेल्सिअस असते. तिच्या जवळ जायचं झालं तर डब्याला जास्त पंखे, म्हणजे उभ्या पट्ट्या, द्याव्या लागतात किंवा सॉफ्टवेअरला प्रवाह कमी करायला सांगावं लागतं. प्रत्येक बदलानंतर नवा डबा ओतून घाटात नेणं परवडत नाही, म्हणून संगणकावर अर्ध्या तासाचा प्रवास चालवून बघतात. हेच सिम्युलेशन.

पुण्यातल्या एका ऑफिसात नोकरीला नुकत्याच लागलेल्या एका इंजिनिअर मुलीने आपल्या मॅनेजरना दीड पानाचं टिपण लिहिलं. विषय रुक्ष होता : हा रन मी इम्प्लिसिट टाइम स्टेपिंगवर का नेला. मॅनेजर म्हणजे सर, त्यांची उमेदीची वर्षं क्रॅश सिम्युलेशनमध्ये गेलेली. गाडी भिंतीवर आपटल्यावर पत्रा कसा चुरगळतो, याचं गणित गेली कित्येक दशकं एक्स्प्लिसिट पद्धतीने होतं आणि उत्तम होतं. त्यामुळे त्यांचा प्रश्न सरळ होता. चालतंय ते का बदलायचं?

टिपणाची सुरुवात मला आवडली, कारण तिने गणिताला हात न लावता आधी घड्याळ दाखवलं : “सर, गेल्या महिन्यापर्यंत हा रन संध्याकाळी लावला की सकाळी तयार असायचा. आता त्याला पाच दिवस लागतात. मशीन तेच आहे, सॉफ्टवेअर तेच आहे. आपण फक्त तांब्याचा थर तीन तुकड्यांत विभागला.”

हे कसं झालं ते समजायला डब्याच्या आत बघावं लागेल. मॉस्फेट ज्या पट्टीवर बसतात तिच्यात वर तांब्याचा पातळ थर, मध्ये वीज अडवणारा पण उष्णता जाऊ देणारा त्याहूनही पातळ थर आणि खाली ॲल्युमिनियम असतं. इथला तांब्याचा थर ०.३ मिलिमीटर जाडीचा. संगणक ही सगळी वस्तू छोट्या तुकड्यांत कापतो आणि प्रत्येक तुकड्याला एक तापमान देतो. तुकड्यांच्या या जाळ्याला मेश म्हणतात. मग काळाचंही तसंच. अर्धा तास सलग न धरता लहान लहान पावलांनी पुढे सरकायचं, आणि त्या प्रत्येक पावलाला टाइम स्टेप म्हणायचं. एका पावलात प्रत्येक तुकडा शेजाऱ्यांकडून किती उष्णता घेतो आणि किती देतो, एवढंच मोजायचं.

एक्स्प्लिसिट पद्धतीत हे मोजताना आत्ताची तापमानं वापरतात. ती माहीतच असतात, त्यामुळे गणित एका ओळीचं :

```
T_new[i] = T[i] + r*(T[i-1] - 2*T[i] + T[i+1])
r = alpha*dt/dx^2
```

यातला `alpha` पदार्थाचा गुण आहे. उष्णता त्यातून किती चपळाईने पसरते ते तो सांगतो. `dx` तुकड्याची जाडी आणि `dt` टाइम स्टेप. सगळी मेख `r` मध्ये आहे. तो अर्ध्याच्या वर गेला की हे साधंसुधं सूत्र वेड्यासारखं वागायला लागतं.

टिपणात तिने हे एका लांब पट्टीवर हाताने करून दाखवलं होतं, आणि वाचणाऱ्यानेही कागद घेऊन करून बघण्यासारखं आहे. पट्टीचे सगळे तुकडे आसपासच्या हवेइतक्याच तापमानाला आहेत, फक्त मधला १०० अंशांनी जास्त. आता `r` बरोबर १ घ्या. सूत्र आणखी सोपं होतं : नवं तापमान म्हणजे दोन्ही शेजाऱ्यांची बेरीज वजा स्वतःचं. पहिल्या पावलानंतर मधला तुकडा उणे १०० होतो आणि दोन्ही शेजारी अधिक १००. दुसऱ्या पावलानंतर मधला ३००, शेजारी उणे २००. तिसऱ्यानंतर मधला उणे ७००, शेजारी ६००. गरम तुकडा थंड व्हायचा तो आधी बर्फाखाली गेला, मग भट्टीसारखा तापला, आणि प्रत्येक फेरीत हेलकावा वाढतच गेला.

गिझरचा नळ लांब असला की आंघोळीला हेच होतं. पाणी गार लागलं म्हणून नळ भरपूर फिरवावा, तर थोड्या वेळाने अंग पोळतं. मग घाईने उलटा फिरवावा, तर काकडायला होतं. जुन्या माहितीवर फार मोठं पाऊल टाकलं की सुधारणेचीच चूक होते. `r` अर्ध्याच्या खाली असेल तर पाऊल इतकं लहान असतं की मधला तुकडा शेजाऱ्यांना ओलांडून पलीकडे जाऊच शकत नाही.

या उदाहरणातली एक गोष्ट मात्र नुसतं वाचून लक्षात येत नाही. तिसऱ्या पावलानंतरची सगळी तापमानं लिहा : मध्ये उणे ७००, दोन्ही बाजूंना ६००, मग उणे ३००, मग १००. बेरीज करा. ती पुन्हा १०० येते. म्हणजे उष्णतेचा जमाखर्च पैपैशाने जुळतो आणि तरीही उत्तर निव्वळ मूर्खपणाचं असतं. बरेच जण रन नीट झाला का हे एकूण ऊर्जा जुळते का यावरून ठरवतात. ही चूक त्या तपासणीत सापडत नाही. ती सापडते चित्र जवळून बघितल्यावर. एक तुकडा गरम, शेजारचा गार, त्याच्या पलीकडचा पुन्हा गरम, असे एकाआड एक पट्टे दिसले की समजायचं. आणि तेवढं बघायला उशीर झाला, तर आकडे फुगत फुगत संगणकाच्या आवाक्याबाहेर जातात आणि पडद्यावर `NaN` येतं.

आता ही मर्यादा आपल्या तांब्याला लावू. नियम असा :

```
dt <= dx^2 / (2*alpha)
```

तांब्याचा `alpha` सेकंदाला सुमारे ०.०००११६ चौरस मीटर आहे. थर एकाच तुकड्याचा, ०.३ मिलिमीटरचा होता तेव्हा टाइम स्टेप जास्तीत जास्त ०.३९ मिलिसेकंद चालायची. अर्ध्या तासाला सुमारे ४६ लाख पावलं पडायची. एका पावलाला ५ मिलिसेकंद लागले तर साडेसहा तास, म्हणजे एक रात्र. पण एका तुकड्याला एकच तापमान असतं, त्यामुळे थराच्या वरच्या आणि खालच्या बाजूतला फरक दिसत नव्हता. तो दिसावा म्हणून तीन तुकडे केले, ०.१ मिलिमीटरचे. जाडी तिसऱ्या हिश्श्यावर आली, पण सूत्रात जाडीचा वर्ग आहे. म्हणून टाइम स्टेप नवव्या हिश्श्यावर आली : ४३ मायक्रोसेकंद. पावलं झाली ४ कोटी २० लाख. मेश वाढल्यामुळे एका पावलाचा वेळही दुप्पट, १० मिलिसेकंद झाला. गुणाकार केला की पाच दिवस होतात. बारीक बघायची किंमत अशी वर्गाने वाढते, हे कामाला नवीन माणसाला एकदा तरी महागात पडून कळतं.

सरांनी पहिल्यांदा सुचवलं ते बहुतेक कुणीही सुचवेल : मोठं मशीन लावू. त्यावर टिपणात चारच वाक्यं आहेत. मोठ्या मशीनमध्ये गणित करणारे हात जास्त असतात, आणि एकाच पावलातलं काम त्यांच्यात वाटता येतं. पण पावलं एकामागून एकच टाकावी लागतात, कारण पुढच्याला मागच्याचं उत्तर लागतं. एका पावलाचं काम आधीच १० मिलिसेकंदांचं आहे. ते आणखी वाटत गेलं तर गणितापेक्षा हातांनी एकमेकांना निरोप द्यायलाच जास्त वेळ जाईल.

दुसरी सूचना खास क्रॅशवाल्याची होती. क्रॅशमध्ये एखादा बारीक तुकडा टाइम स्टेप ओढून खाली आणत असेल, तर त्याचं वजन कागदावर थोडं वाढवतात. त्याने लाट हळू चालते आणि पाऊल मोठं घेता येतं. याला मास स्केलिंग म्हणतात, आणि मोजकं केलं तर ती मान्य युक्ती आहे. तसं इथे तांब्याची उष्णता साठवायची क्षमता वाढवली तर? तिने करून दाखवलं. ४३ मायक्रोसेकंदांचं पाऊल अर्ध्या सेकंदावर न्यायचं तर क्षमता सुमारे ११,६०० पट करावी लागेल. म्हणजे ०.३ मिलिमीटरच्या थराने साडेतीन मीटर जाडीच्या तांब्याच्या ठोकळ्याइतकी उष्णता पोटात घ्यायची. घाट चढून स्कूटर उतरली तरी तो ठोकळा तापणार नाही. थोडी क्षमता वाढवणं कदाचित खपलं असतं, पण थोड्याने भागत नव्हतं.

इथे टिपणाचा गाभा येतो. अर्धा तास आपण बघतोय तो कशासाठी? ॲल्युमिनियमचा डबा तापायला मिनिटं लागतात. गाडी सिग्नलला थांबते, निघते, चढाला लागते, हे बदल सेकंदांचे आहेत. प्रवासाच्या वेगाची जी नोंद सिम्युलेशनला दिली आहे, तीच मुळी दर सेकंदाला एक अशी आहे. आणि ०.३ मिलिमीटर तांब्यातून उष्णता आरपार जायला एक मिलिसेकंदही लागत नाही. आपण ज्याकडे बघतही नाही अशी ही घटना घडून शांत झालेली असते, तरी एक्स्प्लिसिट पद्धतीला अर्धा तासभर तिच्याच चालीने चालावं लागतं. वेगवान आणि संथ गोष्टी अशा एकाच गणितात आल्या की त्या गणिताला स्टिफ म्हणतात. गंमत म्हणजे थरांपैकी अडवतं ते तांबं. मधला थर तेवढाच पातळ असला तरी उष्णता त्याच्यातून हळू जाते, म्हणून त्याची मर्यादा कितीतरी सैल आहे.

इम्प्लिसिट पद्धतीत शेजाऱ्यांची आत्ताची नव्हे, तर पाऊल संपतानाची तापमानं वापरतात :

```
T_new[i] - r*(T_new[i-1] - 2*T_new[i] + T_new[i+1]) = T[i]
```

अडचण उघड आहे. उजवीकडचं एकच तापमान माहीत आहे, डावीकडची तिन्ही माहीत नाहीत. प्रत्येक तुकड्याचं उत्तर शेजाऱ्याच्या उत्तरावर अवलंबून असतं, म्हणून सगळी समीकरणं एकदम सोडवावी लागतात. पाच लाख तुकडे असतील तर पाच लाख समीकरणं. एका समीकरणात फक्त तो तुकडा आणि त्याचे सहा शेजारी असतात, म्हणून हे शक्य तरी होतं. तरी एका पावलाला १० मिलिसेकंदांऐवजी दोन सेकंद लागतात, म्हणजे दोनशे पट. पण पाऊल अर्ध्या सेकंदाचं घेता येतं. अर्ध्या तासाची पावलं ३,६०० आणि वेळ दोन तास.

मघाच्याच पट्टीवर, `r` पुन्हा १ ठेवून, ही समीकरणं सोडवली तर एका पावलानंतर मधला तुकडा ४४.७ वर येतो, त्याचे शेजारी १७.१, त्यापुढचे ६.५, मग २.५. कुठेही उणे नाही, हेलकावा नाही. `r` १ ऐवजी कितीही मोठा केला तरी हे उत्तर फुटत नाही, आणि आपल्या तांब्यात अर्ध्या सेकंदाच्या पावलाला `r` ५,८०० येतो.

बऱ्याच लेखांत ही गोष्ट इथेच संपवतात. त्या मुलीने संपवली नाही, आणि टिपण जपून ठेवण्यासारखं झालं ते त्यामुळेच. तिने पुढे लिहिलं : “४४.७ हे उत्तर गोंडस आहे, पण बरोबर नाही.” त्याच पट्टीवर तेवढाच काळ खूप बारीक पावलांनी चाललं, तर मधला तुकडा ३१ च्या आसपास येतो. म्हणजे इम्प्लिसिट पद्धत स्थिर राहिली आणि तरी जवळजवळ १४ अंशांनी चुकली. एक्स्प्लिसिट रन चुकतो तेव्हा आरडाओरडा करून चुकतो. इम्प्लिसिट रनला तीस सेकंदांचं पाऊल दिलं तरी तो मुकाट्याने गुळगुळीत वक्र काढून देतो, आणि मीटिंगमध्ये तो सगळ्यांना पटतो. तीस सेकंदांत गाडी सिग्नलवरून निघून पुढच्या सिग्नलला थांबलेली असते, आणि मॉस्फेटचं कमाल तापमान नेमकं त्या मधल्या काळात येऊन गेलेलं असतं.

मग अर्धा सेकंद बरोबर कशावरून? तिने तोच प्रवास तीन पावलांनी चालवला. एक सेकंदाच्या पावलाने कमाल तापमान १२१.४ अंश आलं, अर्ध्या सेकंदाने १२३.१, पाव सेकंदाने १२३.९. पाऊल निम्मं केलं तसा फरकही साधारण निम्मा झाला : आधी १.७, मग ०.८. या पद्धतीची चूक पावलाच्या प्रमाणात असते, म्हणून असंच व्हायला हवं. आणि तसं होत असेल तर शेवट कुठे होईल याचा अंदाजही बांधता येतो. पाव सेकंदाच्या उत्तरात आणखी ०.८ मिळवले की १२४.७. म्हणजे अर्ध्या सेकंदाच्या उत्तरात दीड अंशाची तूट आहे, आणि ती मर्यादेच्या हिशेबात धरायची.

हा अंदाज बांधायची रीत लुईस फ्राय रिचर्डसन या इंग्रज शास्त्रज्ञाच्या नावाने ओळखली जाते. योगायोग असा की त्याच रिचर्डसनने १९१० च्या सुमारास उष्णतेच्या समीकरणासाठी जी पावलांची पद्धत सुचवली होती, ती कितीही लहान पाऊल घेतलं तरी अस्थिर असते, हे पुढे सिद्ध झालं. तेव्हा गणित हाताने व्हायचं, आणि हाताने पावलं थोडीच टाकली जायची.

१९४७ मध्ये जॉन क्रँक आणि फिलिस निकोल्सन यांनी जी इम्प्लिसिट पद्धत मांडली, ती आजही पाठ्यपुस्तकात शिकवतात. ती आत्ताची आणि पाऊल संपतानाची तापमानं निम्मी-निम्मी धरते, आणि त्यामुळे पाऊल निम्मं केलं की तिची चूक चौथ्या हिश्श्यावर येते. सरांनी समासात विचारलं होतं : मग ती का नाही? उत्तर पुन्हा त्या ५,८०० मध्ये आहे. `r` इतका मोठा असला की क्रँक-निकोल्सन पद्धतीत एकाआड एक तुकड्यांचा हेलकावा वाढत नाही, पण मरतही नाही. प्रत्येक पावलाला त्याची दिशा उलटते आणि उंची जवळपास तेवढीच राहते. गाडी झटक्यात निघाली की तांब्याच्या थरात तापमान कितीतरी वेळ वर-खाली होत राहतं, आणि बघणाऱ्याला वाटतं प्रवाहच तसा होता. म्हणून तिने पूर्णपणे पुढच्याच तापमानांवर चालणारी, कमी नेमकी पण हेलकावे लगेच मारून टाकणारी पद्धत घेतली. तिला बॅकवर्ड ऑयलर म्हणतात. कागदावरच्या अचूकतेपेक्षा हा निर्णय मला शहाणपणाचा वाटतो, आणि तो घ्यायला शिकलेलं थोडं विसरावं लागतं.

दोन गोष्टी तिने उघडपणे उधार ठेवल्या. तापलेल्या मॉस्फेटचा विद्युतरोध वाढतो, त्यामुळे तो आणखी तापतो. ही उष्णता मोजताना तिने मागच्या पावलाचं तापमान वापरलं होतं, म्हणजे तेवढा भाग एक्स्प्लिसिटच राहिला. दुसरी, पाच लाख समीकरणं संगणक अंदाज सुधारत सुधारत सोडवतो आणि पुरेसं जमलं की थांबतो. तो लवकर थांबला तर उष्णता हिशेबातून गळते. मघाशी जी ऊर्जेची तपासणी निरुपयोगी ठरली, ती इथे बरोबर कामाला येते, म्हणून तिने ती प्रत्येक रनच्या शेवटी छापायला लावली. शिवाय पहिल्या ६० सेकंदांपुरता जुना एक्स्प्लिसिट रनही चालवला. त्याला चार तास लागले, आणि अर्ध्या सेकंदाच्या पावलाने काढलेलं उत्तर त्याच्याशी दोन अंशांच्या आत जुळलं.

सरांनी मंजुरी देताना एकच अट घातली : मेश बदलली की ही ६० सेकंदांची तुलना पुन्हा करायची. आणि क्रॅशचं काय, असं शेजारच्या टेबलावरून कुणी तरी विचारलंच. ते एक्स्प्लिसिटच राहणार. पोलादात आवाजाची लाट सेकंदाला सुमारे पाच किलोमीटर जाते. पाच मिलिमीटरचा तुकडा ती एका मायक्रोसेकंदात ओलांडते, म्हणून तिथलं पाऊल तेवढंच. पण अख्खी टक्कर सेकंदाच्या दहाव्या हिश्श्यात आटोपते, म्हणजे लाखभर पावलं. आणि तिथे ती लाटच बघायची असते.

जुनी पद्धत तिने काढून टाकलेली नाही. मोटरच्या तारा आपसात भिडून शॉर्ट सर्किट झालं, तर मॉस्फेट काही मायक्रोसेकंदांत बंद व्हावा लागतो. तेवढ्या वेळात उष्णता सिलिकॉनच्या चिपबाहेरही फारशी पोचत नाही. त्या रनमध्ये चिपचे तुकडे २० मायक्रॉनचे आहेत, एक्स्प्लिसिट पद्धतीची मर्यादा दोन मायक्रोसेकंदांच्या जरा वर येते, आणि काय घडतंय ते दिसायलाही पाऊल तेवढंच लहान हवं असतं. तो रन चहा पिऊन येईपर्यंत संपतो.